कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा ताळेबंद: एफवायबीकॉमच्या वर्गात एका तासात कसा वाचून घ्यायचा

पोरं बारावीला ताळेबंद जुळवायला शिकून येतात, पण तो वाचता येत नाही. दोन्ही बाजू जुळल्या की पेन खाली. म्हणून मी मोठ्या कंपनीचा अहवाल वर्गात नेत नाही, कॉलेजच्या बाजूच्या किराणा दुकानाचा हिशोब नेतो, कारण तिथला माल, उधारी, गल्ला सगळं पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तास ५० मिनिटांचा धरलाय.

आधीची तयारी

तयार ताळेबंद मिळेल ही आशा सोडा. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरणारा लहान दुकानदार बहुतेक वेळा पूर्ण पुस्तकं ठेवतच नाही, त्याच्याकडे असते उधारीची वही, घाऊकवाल्यांची बिलं आणि बँकेचं पासबुक. तेवढं पुरतं. मी ३१ मार्चला रात्री शटर खाली आल्यावर दोन मुलांना घेऊन जातो, माल मोजतो, गल्ला मोजतो आणि काकांना विचारून देणी लिहून घेतो. वर्गात न्यायच्या आधी आकडे हजारात गोल करा, आणि वहीतल्या गिऱ्हाइकांची नावं खोडा, ती आपल्याच पोरांच्या घरची निघू शकतात. गेल्या वर्षीचे आकडेही हवेतच, त्यांच्याशिवाय अर्धा तास वाया जातो. पहिल्याच वर्षी करत असाल तर काका आणि बिलं यांच्या मदतीने ते अंदाजे बसवा आणि अंदाज आहे हे पोरांना सांगा.

पहिली १५ मिनिटं: फक्त यादी

पाच-पाच जणांचे गट करा आणि आकडे विस्कटून द्या, कुठली बाजू कुठली ते सांगू नका. आमच्या दुकानाचे होते असे: गल्ल्यात ८,०००, बँकेत २२,०००, माल २,४०,०००, गिऱ्हाइकांकडून येणं ६०,०००, फ्रीज-काउंटर-रॅक घसारा जाऊन ९०,०००, गाळ्याचं डिपॉझिट १,००,०००. द्यायचे: घाऊकवाल्यांना १,३०,०००, फ्रीजच्या कर्जाचे ५०,०००.

डिपॉझिटवर हमखास भांडण होतं, निम्मे गट ते खर्चात टाकतात. त्यांना एवढंच विचारा, गाळा सोडला तर ते परत मिळणार का? मिळणार, म्हणजे मालमत्ता.

मालमत्तेची बेरीज ५,२०,०००, देणी १,८०,०००. उरले ३,४०,०००, हे काकांचं भांडवल. इथे थोडं थांबा. हा आकडा कुठल्याही वहीत लिहिलेला नव्हता, तो वजाबाकीने आलाय, त्यामुळे ताळेबंद जुळणारच होता, आपण काहीही चुकीचं लिहिलं असतं तरी जुळला असता. पोरांच्या चेहऱ्यावर हे उमटेपर्यंत पुढे जाऊ नका.

पुढची १० मिनिटं: नफा किती झाला

गेल्या ३१ मार्चला भांडवल होतं ३,१०,०००. पोरं लगेच म्हणतात, नफा ३०,०००. मग घर कशावर चाललं वर्षभर? काका महिन्याला १५,००० घरी नेतात, शिवाय घरचा तांदूळ, तेल, साखर, साबण दुकानातूनच जातं, साधारण ५,००० चं. वर्षाचे झाले २,४०,०००. ही उचल. म्हणजे नफा ३०,००० अधिक २,४०,०००, एकूण २,७०,०००.

मालाची उचल विसरली तर नफा २,१०,००० दिसतो, आणि ताळेबंद तरीही जुळतो! हे मी दर वर्षी एका गटाला मुद्दाम विसरायला लावतो आणि दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहितो.

त्यानंतरची १५ मिनिटं: मग पैसा गेला कुठे

तासाचा गाभा हा. काका मला म्हणाले होते, "सर, तुम्ही म्हणता पावणेतीन लाख सुटले, मग गेल्या वर्षी गल्ला-बँक मिळून ४०,००० होते ते यंदा ३०,०००च कसे?" हाच प्रश्न फळ्यावर लिहा आणि गेल्या वर्षीचा ताळेबंद शेजारी मांडा: माल २,००,०००, उधारी ४५,०००, फ्रीज वगैरे १,००,०००, घाऊकवाल्यांचं देणं १,००,०००, कर्ज ७५,०००, डिपॉझिट तेवढंच.

आता एकेक ओळ बघत जा. नफा २,७०,०००. घसारा १०,००० नफ्यातून वजा झालाय पण खिशातून गेलेला नाही, म्हणून तो परत मिळवा, झाले २,८०,०००. घाऊकवाल्यांनी ३०,००० चा माल जास्त उधार दिला, म्हणजे तेवढे आपल्याकडे राहिले, ३,१०,०००. त्यातले ४०,००० जादा मालात अडकले, १५,००० जादा उधारीत, २५,००० कर्जाच्या हप्त्यांत गेले आणि २,४०,००० घरी. गेलेले एकूण ३,२०,०००. आले ३,१०,०००, गेले ३,२०,०००, रोख १०,००० ने उतरली. रुपया न् रुपया लागतो.

पोरांना इथे घाई करू देऊ नका, प्रत्येक ओळीला "पैसा आला की गेला" एवढंच विचारायचं. घसाऱ्याला सगळे अडखळतात, त्याला तीन मिनिटं जास्त द्या.

शेवटची १० मिनिटं: आकड्यांवर बोट ठेवून विचारा

उधारीच्या वहीतल्या एका पानाची झेरॉक्स नाव झाकून फिरवा. फेडलेल्या रकमेवर रेघ असते, बाकीच्या तशाच. आमच्या पानावर शेवटची नोंद मागच्याच्या मागच्या दिवाळीची होती, रवा, मैदा, तूप, १,४५० रुपये, आणि ते कुटुंब एरिया सोडून गेलेलं. अशी परत न येणारी उधारी काकांनी स्वतः खुणा करून दाखवली, १२,००० निघाली. ती काढली की भांडवल ३,२८,०००, नफाही तेवढाच खाली.

मग माल. तो खरेदीच्या भावाने धरायचा, किंवा विकून त्याहून कमी येणार असेल तर त्या कमी किमतीने. मोजायला आलेल्या मुलांनी पहिल्यांदा पाकिटावरची एमआरपीच लिहून आणली होती, २,७०,००० झाले होते, म्हणजे न विकलेल्या मालावर ३०,००० चा नफा आधीच खाऊन बसलो असतो. मागच्या रॅकवर मुदत संपलेली बिस्किटं, मसाले निघाले ८,००० चे, कंपनी परत घेत नाही. तेही गेले, भांडवल ३,२०,०००, नफा २,५०,०००.

वेळ उरला तर हा खरा नफा १२ ने भागायला लावा, महिन्याला २१,००० च्या थोडं खाली येतो. दुकानात काका, काकू दोघं सकाळी ७ ते रात्री १० असतात, त्यांचा पगार कुठेच वजा झालेला नाही. ताळेबंदात हे दिसत नाही, तसंच काकूंचे दागिने ठेवून घरच्या नावावर पैसे काढून माल भरला असेल तर तेही दिसणार नाही, विचारल्याशिवाय.

घरी करायला एकच काम द्या: घाऊकवाल्यांना १,३०,००० द्यायचेत, हातात रोख ३०,०००, तर पुढच्या महिन्यात काकांनी आधी काय करावं, उधारी वसूल की माल कमी भरणं, आणि का, अर्ध्या पानात. चांगली उत्तरं मी काकांना नेऊन दाखवतो.