प्रयोगांची छोटी बॅच

बीएस्सी झालेल्यांनी घरी दहावीचा सरसकट क्लास काढला, तर गल्लीतल्या जुन्या क्लासशी फीवरूनच झुंजावं लागतं. त्यापेक्षा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा बघा. लेखी परीक्षेनंतर तिथे प्रात्यक्षिकाची फेरी असते. लेखीची तयारी बरेच जण करून घेतात, पण मुलाच्या हातात उपकरण देणारे कमी. तुमची जागा तिथे आहे.

बॅच सहा मुलांची, दोघांत एक मांडणी. पहिल्या तासाला लंबक घ्या. दोऱ्याला जड नट बांधा आणि टांगल्याच्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर 100 सेंमी मोजा. (मुलं हमखास गाठीपर्यंतच मोजतात!) झोका लहानच द्या. 20 आंदोलनांना साधारण 40 सेकंद लागतात, म्हणजे आवर्तकाल 2 सेकंद.

कुणाचं उत्तर 38 सेकंद आलं, तर त्याने घड्याळ सुरू करतानाच 'एक' म्हटलंय. प्रत्यक्षात 19च आंदोलनं झाली. त्यावरून g काढला तर 9.8 ऐवजी 10.9च्या आसपास येतो. लगेच चूक सांगू नका, शेजारच्या जोडीच्या आकड्याशी ताडून त्यालाच शोधू द्या. मोजणी 'शून्य'पासून करायची, हे मग तो विसरत नाही.

रसायनाला घरी लिटमस, व्हिनेगर, खायचा सोडा एवढंच ठेवा; तीव्र आम्लं नकोत. ऑनलाइन बॅचमध्ये हात कसा चालतो ते नीट दिसत नाही, म्हणून तिथे आलेख काढणं आणि निरीक्षणतक्ते तपासणं एवढंच घ्या.