हसरे डोळे, पण ओठ अर्धवट उघडे

खानापूरजवळच्या गावात हळदीच्या फोटोत मावशींचे डोळे सुरेख हसत होते, पण तोंड ‘ओ’ म्हणताना उघडं राहिलं होतं. लगेच पुढच्या फ्रेममध्ये ओठ जवळ आलेले, मात्र डोळे मिटलेले. दुसऱ्या फ्रेममधलं तोंड पहिल्या फोटोत बसवायचं ठरवलं. त्यासाठी मी ही दुसरी फ्रेम फोटोशॉपमध्ये वरच्या लेयरवर घेतली, Opacity 50% केली आणि नाकपुड्यांवर नाकपुड्या जुळवल्या.

नुसते ओठ उचलू नयेत. बोलताना जबडा खाली जातो, हनुवटी लांबते, गाल ओढले जातात. मिटलेले ओठ त्या लांबट चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे दिसतात. म्हणून नाकाखालपासून हनुवटीपर्यंतचा सगळा भाग घेतला. Opacity पुन्हा 100% करून, काळ्या मास्कवर मऊ पांढऱ्या ब्रशने तो उघडला. कड नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या घडीतून नेली, तिथे जोड लपतो. हनुवटीखाली जुन्या जबड्याची कड डोकावत होती, ती मानेच्या त्वचेने झाकली.

ओठांतली बारीक फट मुद्दाम ठेवली. डोळे हसत असताना घट्ट मिटलेलं तोंड रागावल्यासारखं वाटतं.

दुसरी फ्रेम नसेल तर Liquify मधला Mouth Height थोडासाच कमी करावा; दात चपटे दिसू लागले की थांबावं.