रविवारचं दूध मंगळवारी उरतं: डेअरी नवीन टाकणाऱ्यांसाठी

पुण्यात धायरीला आमची डेअरी आहे. पिशवीचं दूध, थोडं म्हशीचं सुटं दूध आणि घरी लावलेलं दही. दुकान टाकलं तेव्हा पहिले पाच महिने मी रोज रात्री उरलेल्या पिशव्या मोजून रडकुंडीला यायचे. मग काही आठवडे उरायचं बंद झालं आणि मला वाटलं, जमलं. खरं नुकसान त्याच आठवड्यांत होत होतं, हे कळायला फार वेळ लागला. नव्याने डेअरी टाकणारे बरेच जण आजही तिथेच अडकलेले दिसतात, म्हणून हे लिहितेय.

फ्रीज, क्रेट, पहाटे साडेचारची गाडी हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी फक्त एकाच गोष्टीबद्दल सांगणार आहे: उद्या किती मागवायचं.

आधी रतीब आणि काउंटर वेगळे करा. माझे रतीबाचे 80 अर्धा लिटर रोज ठरलेले. त्यात बदल होतो तो फक्त खाड्यांनी. खाडा आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत सांगायचा, असा नियम पहिल्या दिवसापासून लावा. कारण आमच्याकडे वितरकाला ऑर्डर एक वाजता द्यावी लागते. रात्री नऊला आलेला खाडा म्हणजे उरलेली पिशवीच. लोक चार दिवस कुरकुरतात, मग सवय होते. रतीब वजा केला की उरतं ते काउंटरचं दूध, आणि सगळा अंदाज तेवढ्यापुरताच करायचा असतो.

आता तो सापळा. सावकाश वाचा, कारण मला तो कुणीच असा सांगितला नव्हता.

ऑर्डर दुपारी एक वाजता जाते. म्हणजे सोमवारी दुपारी मी मंगळवारचं दूध मागवते, तेव्हा सोमवारचा खप अजून पूर्ण झालेला नसतो. वहीत शेवटचा पूर्ण आकडा असतो रविवारचा. आमच्याकडे रविवारी काउंटरला 170 पिशव्या जातात, कारण सगळे घरी असतात, पाहुणे येतात, चहाचे चार फेरे जास्त होतात. मंगळवारी जातात 100. मी ‘शेवटचा खप बघून उद्याचं’ या हिशेबाने मंगळवारसाठी 170 मागवायचे. रात्री 70 उरायच्या. मग घाबरून हात आखडता घ्यायचे. आणि शनिवारी दुपारी रविवारची ऑर्डर देताना समोर आकडा असायचा शुक्रवारचा, 105. तेवढ्याच मागवायचे. रविवारी सव्वानऊला दूध संपायचं.

इथपर्यंतची चूक कुणाच्याही लक्षात येईल. पुढची येत नाही. त्या रविवारी मी वहीत काय लिहिलं? ‘आलं 105, खप 105, शिल्लक 0.’ शिल्लक शून्य बघून बरं वाटलं. पुढच्या रविवारीही तेच. तीन आठवड्यांनी वही सांगत होती की रविवार आणि मंगळवार सारखेच आहेत! सव्वानऊनंतर आलेली पासष्ट पिशव्यांची गिऱ्हाइकं समोरच्या गल्लीतल्या दुकानात गेली आणि माझ्या वहीत त्यांची नोंद कुठेच नव्हती. दूध उरलं तर डोळ्यांना दिसतं, नाकाला कळतं. दूध कमी पडलं तर काहीच दिसत नाही, फक्त लवकर आवरून झालं म्हणून समाधान वाटतं. वहीतला ‘खप’ म्हणजे लोकांना किती हवं होतं ते नव्हे. दूध संपलं त्या दिवशी तो आकडा फक्त तुम्ही किती आणलं होतं तेवढंच सांगतो.

म्हणून वहीत एक रकाना वाढवा: संपल्याची वेळ. माझे रकाने एवढेच आहेत: वार, आलं, उरलं, किती वाजता संपलं, शेरा. ‘संपलं’ या शब्दाबरोबर वेळ नसेल तर तो आकडा ऑर्डरसाठी वापरू नका.

वेळ मिळाली की हरवलेला आकडा परत काढता येतो. मी एका रविवारी मुद्दाम तीन-चार क्रेट जास्त घेतले आणि दर तासाला किती गेल्या ते लिहीत बसले. सव्वानऊपर्यंत 104 गेल्या, दिवसभरात 168. म्हणजे रविवारी सव्वानऊला माझा साधारण बासष्ट टक्के खप झालेला असतो. मग मागच्या ज्या रविवारी 105 सव्वानऊला संपल्या होत्या, त्या दिवशी दूध पुरलं असतं तर 170च्या आसपास गेलं असतं. ही एका दिवसाची मेहनत आहे, पण प्रत्येक वाराचा वेग निराळा असतो. रविवारचं माप मंगळवारला लावू नका. मंगळवारी सकाळी ऑफिसच्या घाईत बरंच दूध आठच्या आत जातं.

यानंतर नियम सोपा: मंगळवारचं दूध मंगळवारकडे बघूनच मागवायचं. मागचे चार मंगळवार काढा. सण, पाऊस, दिवसभर लाइट नाही, असा शेरा असलेला मंगळवार सोडून द्या आणि त्याआधीचा घ्या. मग चार आकडे चढत्या क्रमाने मांडून मधल्या दोघांच्या दरम्यान थांबा. सरासरी मला पटत नाही, एक वेडा दिवस ती बिघडवून टाकतो. 2025ची कोजागरी सोमवारी आली होती, 6 ऑक्टोबरला. तो सोमवार सरासरीत धरला तर पुढचे चार सोमवार दूध उरणार.

आणि शेऱ्याच्या रकान्यात पंचांग लिहाच. वार बघून ऑर्डर देणाऱ्यांना सगळ्यात मोठा फटका श्रावण देतो. 2025मध्ये श्रावणी सोमवार चार होते, 28 जुलै ते 18 ऑगस्ट. उपासाला खिचडी, वडे, भगर, सगळ्यांबरोबर दही. माझं एरवीचं सोमवारचं दही 12 किलो, त्या सोमवारी 19 ते 21. आता 25 ऑगस्टच्या सोमवारसाठी मागचे चार सोमवार काढले तर चारही श्रावणातले! मधला आकडा घ्या नाहीतर सरासरी काढा, दोन्ही चुकणार. तिथे श्रावणाच्या आधीचे, उपासाचा शेरा नसलेले सोमवार शोधत मागे जावं लागतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारांचंही तसंच. एकादशी आणि संकष्टी तर दर वेळी वार बदलतात, त्यामुळे शेरा नसेल तर एखादा साधा बुधवार उगाच ‘दह्याचा बुधवार’ वाटायला लागतो.

दह्याबद्दल थोडं कडक बोलते. उरलेल्या दुधाचं दही लावायचं, हा सल्ला तुम्हाला प्रत्येक जण देईल. मलाही माझ्या मामांनी दिला होता. त्यांची डेअरी वीस वर्षं चालली, माणूस प्रेमाचा, पण ‘अंदाज आपोआप येतो’ यापलीकडे ते काही सांगू शकले नाहीत. अनुभवी माणसाचा हात बरोबर चालतो, पण तो का चालतो हे त्यालाच सांगता येत नसेल तर नवख्याने ऐकून करायचं काय? दूध उरतं मंद दिवशी. त्याचं दही तयार होतं दुसऱ्या दिवशी सकाळी. मंगळवारी 70 पिशव्या उरल्या म्हणून बुधवारी 30 किलो दह्याला गिऱ्हाईक उगवत नाही. बुधवारी माझं दही जातं 9 किलो. बाकीचं गुरुवारी आंबट होतं, वर पाणी सुटतं आणि तोटा एक दिवस उशिरा, दुसऱ्याच रकान्यात दिसतो. दिवसभर हाताळलेलं, दोनदा फ्रीजबाहेर आलेलं दूध असेल तर दही मुळात घट्ट लागतही नाही.

दही किती लावायचं ते दह्याचा वार बघून ठरवा. ते रात्री साडेआठला ठरतं, दुधाच्या ऑर्डरनंतर साडेसात तासांनी, म्हणून दह्याची वही वेगळी ठेवा. दूध उकळून, बोट सोसेल इतकं कोमट झाल्यावर विरजण. उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागतं, तेव्हा पहाटे उठून लगेच फ्रीजमध्ये ढकलावं लागतं, नाहीतर विकायला ठेवायच्या आधीच आंबट. डिसेंबरात आठ-दहा तास लागतात, पातेलं गोणपाटात गुंडाळून ठेवायचं. संध्याकाळी उरलेल्या दह्याचं ताक करून दुसऱ्या दिवशी सकाळी काढा. ताक थोडं आंबट चालतं, दही चालत नाही.

उरलेल्या दुधाचं मी पनीर करते. आधी चमचाभर दूध उकळून बघायचं, फुटलं तर ते बाजूलाच टाकायचं. आणि कालचं सुटं दूध आजच्या कॅनमध्ये कधीही ओतायचं नाही, दोन लिटर वाचवायला जाऊन चाळीस नासतं. गायीच्या पाच लिटर दुधाचं साधारण पाऊण किलो पनीर येतं, पैसे बऱ्यापैकी परत मिळतात. पण माझ्याकडे पनीर दिवसाला दोन किलोच्या वर जात नाही. म्हणजे वीस-पंचवीस पिशव्यांपर्यंतची चूक पचते. सत्तर पिशव्यांची पचत नाही.

क्रेटचा प्रश्न यावरूनच सुटतो. आमच्या क्रेटमध्ये 20 पिशव्या असतात. रविवारचे काउंटरचे 170 आणि रतीबाचे 80 मिळून 250, म्हणजे साडेबारा क्रेट. मी 13 घेते. उरल्या तर दहा पिशव्या, त्यांचं पनीर होतं. कमी पडल्या तर नवीन राहायला आलेलं कुटुंब पहिल्यांदाच दुकानात येऊन रिकाम्या हाताने जातं, आणि ते पुन्हा येईलच असं नाही. मंगळवारी 180 लागतात, नऊ क्रेट, तिथे एक जास्तीचा घेत नाही. वितरकाचा माणूस गाडीवरून ‘ताई, दोन क्रेट जादा ठेवा, जातात’ म्हणेल. त्याला क्रेट खपवायचे असतात. रात्री उरलेलं तो परत नेणार नाही.

पहिल्या दोन महिन्यांत चुकाल, त्याला घाबरू नका. प्रत्येक वाराचे चार आकडे जमायलाच महिना लागतो, त्यातून सणाचे वगळले की सहा-सात आठवडे. तोवर रोजचा तोटा धरूनच भांडवल ठेवा. नंतर माझ्याकडे आठवड्याला उरणाऱ्या पिशव्या दीडशेवरून चाळीसच्या आत आल्या, त्यासुद्धा बहुतेक पावसाच्या संध्याकाळच्या. पाऊस मला अजून नीट पकडता येत नाही. जूनमध्ये सकाळी ऊन आणि पाचनंतर कोसळणारा पाऊस असला की काउंटरचं संध्याकाळचं दूध तसंच राहतं, आणि एक वाजता आभाळ बघून ते सांगता येत नाही. त्या दिवशी सहा वाजता पाऊस असेल तर मी रतीबाच्या घरांना फोन करून उद्याची पिशवी आजच हवी का विचारते. दहा-बारा जण हो म्हणतात. तेवढी नावं वहीत खाड्यासारखी लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशीच्या दुधातून तेवढ्या पिशव्या काउंटरला वळवते आणि त्या दुपारच्या ऑर्डरमधून तेवढ्या कमी करते, नाहीतर पावसाचा उरलेला माल एक दिवस पुढे सरकतो इतकंच.