फोनवरून लाईव्ह करताना बिटरेटच्या या चुका टाळा

गेल्या वर्षी कसबा पेठेतल्या एका वाड्यात कीर्तन होतं. मी फोनवरून लाईव्ह लावलं. दहा मिनिटांत नगरहून मावशीचा फोन आला, "अरे, बुवा दिसतच नाहीत, नुसतं चाक फिरतंय!" माझ्या स्क्रीनवर मात्र बुवा छान गात होते.

पहिली चूक तिथेच झाली. फोनवर दिसतं ते थेट कॅमेऱ्यातलं चित्र. ते पुढे पोचलं की नाही, हे त्यावरून कळत नाही. दुसऱ्या फोनवर, वायफाय सोडून वेगळ्या सिमवर, तेच लाईव्ह आवाज बंद करून उघडं ठेवा. शिवाय ॲप बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवला जाणारा डेटा, आणि गळालेल्या फ्रेम्स दाखवत असेल, तर तिकडे नजर असू द्या.

दुसरी चूक मोठी. दुपारी रिकाम्या वाड्यात स्पीड टेस्ट केली, अपलोड 6 एमबीपीएस आलं, म्हणून मी बिटरेट 2500 केबीपीएस ठेवला. संध्याकाळी अंगणात दोनशे माणसं, तितकेच फोन, टॉवर तोच. अपलोड 1800 केबीपीएसवर आलं. म्हणजे दर सेकंदाला 700 किलोबिट तुंबत गेले. मिनिटाभरात 42,000 किलोबिट साठले, आणि ते 1800 च्या वेगाने पाठवायला 23 सेकंद लागतात. तेवढा वेळ थांबायला ॲप तयार नसतं. ते फ्रेम्स टाकून देतं किंवा जोडणीच तुटते.

त्यात स्पीड टेस्ट बऱ्याचदा एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून मोजते. आरटीएमपी या लाईव्ह पाठवायच्या पद्धतीने जाणारं प्रक्षेपण मात्र एकाच जोडणीवर चालतं, त्यामुळे टेस्टचा आकडा जरा फुगलेलाच धरावा.

आता मी गर्दी जमल्यावर, जिथे स्टँड लावणार तिथेच, पाच-पाच मिनिटांनी तीनदा मोजतो. समजा 2.4, 1.8 आणि 1.6 एमबीपीएस आले. सरासरी काढायची नाही. सगळ्यात कमी 1.6 धरायचा आणि त्याचा साधारण निम्मा, म्हणजे 800 केबीपीएस वापरायचा. त्यातले 96 आवाजाला, उरलेले 700 चित्राला. कीर्तनात आवाज तुटला तर चित्र काय कामाचं?

इथे तिसरी चूक होते: बिटरेट उतरवला, पण रिझोल्यूशन 720p च ठेवलं. मग बुवांच्या पगडीचे चौकोन होतात. 700 मध्ये 480p आणि 25 फ्रेम्स ठेवा. बुवा फारसे हलत नाहीत, त्यामुळे चित्र स्वच्छ राहतं. याच आकड्यावर ढोल-ताशा पथक मात्र दाखवायला जाऊ नका. भगवा फिरला की सगळं चित्र फुटतं.

ॲपमध्ये बिटरेट आपोआप कमी-जास्त करायची सोय असेल तर चालू ठेवा. पण वरची मर्यादा 700 चीच द्या, नाहीतर लाईन जरा मोकळी झाली की ते पुन्हा वर चढतं आणि पुन्हा तुंबतं. कीफ्रेम, म्हणजे अख्खं चित्र असलेली फ्रेम, दर 2 सेकंदांनी ठेवा.

यंदा मावशीने शेवटच्या आरतीपर्यंत पाहिलं. तक्रार एकच, बुवांचा चेहरा जरा धूसर होता.