फोटोत सावकाश शिरताना: सुरुवातीची आणि शेवटची चौकट कशी बसवायची

तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओत नव्याने बसलेल्या मुलाकडे पहिलं काम बहुधा हेच येतं. कार्यक्रमाच्या व्हिडिओत पंधरा-वीस फोटो टाकायचे आणि ते हलते करायचे. सॉफ्टवेअर फोटोवर दोन चौकटी देतं. DaVinci Resolve मध्ये Dynamic Zoom चालू केलं की हिरवी चौकट सुरुवातीची असते आणि लाल शेवटची. काही सॉफ्टवेअरमध्ये याच सोयीचं नाव Ken Burns असं दिसतं. पहिल्या फ्रेमला हिरव्या चौकटीतला भाग पडदाभर दिसतो, शेवटच्या फ्रेमला लाल चौकटीतला. मधल्या सगळ्या फ्रेम्स सॉफ्टवेअर काढतं, म्हणून आपलं काम फक्त दोन चौकटी नीट बसवण्याचं. नवीन माणूस चुकतो तोही इथेच.

तान्ह्या पोळ्याचा एक फोटो घेऊ. पोरं लाकडी बैल घेऊन रांगेत उभी आहेत, वर तोरण आहे, मागे टिनाच्या छताची घरं. रांगेत जरा उजवीकडे एक पोरगी आपल्या बैलाच्या शिंगाचा बेगड नीट करते आहे. व्हिडिओ बघणाऱ्याची नजर तिच्यापाशी न्यायची आहे. फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा, व्हिडिओ १९२० × १०८० चा, सेकंदाला २५ फ्रेम्स, आणि फोटो पडद्यावर ६ सेकंद राहणार. म्हणजे १५० फ्रेम्स.

आधी शेवटची चौकट ठरवा. नजर कुठे थांबणार हे कळल्याशिवाय सुरुवात ठरवता येत नाही. दोन्ही चौकटींचं प्रमाण १६:९ च असलं पाहिजे. शेवटची चौकट १९२० पिक्सेलपेक्षा अरुंद झाली तर फोटो ताणला जातो आणि चेहरा पिठूळ दिसायला लागतो. या फोटोत तेवढी भीती नाही. पण व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो लांबीला बऱ्याचदा १६०० च्या आसपासच उरतो. तो पूर्ण दाखवला तरी आधीच ताणलेला असतो, त्यात पुन्हा शिरायला जागा कुठली? असा फोटो डॉक्युमेंट म्हणून परत मागवा. मिळाला नाहीच तर त्यात जेमतेम शिरा.

आता मुख्य गोष्ट. नवीन माणूस दोन्ही चौकटी डोळ्यांच्या अंदाजाने ओढतो. मग फोटो मोठा होता होता पोरीचा चेहरा पडद्यावर तिरका सरकत जातो. कॅमेरा तिच्याकडे जातोय असं न वाटता फोटोच हातातून निसटल्यासारखा वाटतो. कारण साधं आहे. सुरुवातीच्या चौकटीत चेहरा मधोमध होता आणि शेवटच्या चौकटीत कडेला गेला. चेहरा दोन्ही चौकटींत एकाच प्रमाणावर ठेवला, म्हणजे दोन्हीकडे रुंदीच्या दोन तृतीयांशावर आणि उंचीच्या एक तृतीयांशावर, तर तो पडद्यावर आहे तिथेच राहतो आणि बाकी सगळं त्याच्याभोवती पसरत जातं.

फोटोचा डावा-वरचा कोपरा शून्य धरला तर चेहरा डावीकडून ३६०० आणि वरून १५०० पिक्सेलवर आहे, असं समजू. चौकटी अशा बसतात, x आणि y हे चौकटीच्या डाव्या-वरच्या कोपऱ्याचे आकडे:

```
Start: x=400   y=600   4800x2700
End:   x=1040  y=780   3840x2160
```

ताळा करून बघा. ४८०० चे दोन तृतीयांश ३२००, त्यात ४०० मिळवले की ३६००. ३८४० चे दोन तृतीयांश २५६०, त्यात १०४० मिळवले की पुन्हा ३६००. उभ्या दिशेलाही तसंच: ९०० अधिक ६०० आणि ७२० अधिक ७८०, दोन्ही १५००. हाच चेहरा डावीकडून एक तृतीयांशावर ठेवायला गेलात तर सुरुवातीची चौकट २००० पासून ६८०० पर्यंत जाते. फोटो ६००० लाच संपतो, म्हणून उजवीकडे काळी पट्टी येते. म्हणूनच इथे चेहरा उजव्या बाजूला घेतला. सॉफ्टवेअर आकडे टाकू देत नसेल तर चौकटीचे मनात तीन-तीन भाग करा आणि चेहरा दोन्ही वेळी एकाच छेदावर येतो का ते बघा.

वेग किती? इथे चित्र सव्वापट होतं. सहा सेकंदांत एवढं पुरे, शांत फोटोला दहा टक्केही चालतात. तिप्पट शिरायला गेलं की वेगळीच गडबड दिसते. चौकटीची रुंदी दर फ्रेमला सारखीच कमी होते, पण चौकट स्वतः लहान होत गेल्यामुळे तेवढीच घट शेवटी जास्त भासते. ६००० वरून २००० वर येताना शेवटचा वेग सुरुवातीच्या तिप्पट वाटतो, जणू उतारावर बंडी सुटली. तेवढं आत जाणं खरंच हवं असेल तर शेवट मंदावणारा Ease Out लावा. सव्वापटीत हा फरक कळत नाही.

Ease बद्दल आमचं मत जरा वेगळं आहे. बरेच जण प्रत्येक फोटोला Ease In and Out, म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही मंद करणारा वेग, लावून मोकळे होतात. पण दोन फोटोंमध्ये एक सेकंदाचा डिझॉल्व्ह असेल, म्हणजे एक विरत असताना दुसरा उमटत असेल, तर त्याच सेकंदात दोन्ही फोटो जवळपास थांबलेले असतात आणि सगळा व्हिडिओ चाल-थांब, चाल-थांब करतो. डिझॉल्व्ह असेल तर Linear, म्हणजे सगळीकडे एकसारखा वेग, ठेवा. सरळ कट असेल आणि शेवटी चेहऱ्यावर थांबायचं असेल तेव्हाच Ease.

कमी वेगातही एक खोडी आहे. चित्र थरथरतं. काही सॉफ्टवेअर चौकटीची जागा पूर्ण पिक्सेलमध्ये मोजतं. हालचाल फ्रेममागे पिक्सेलभराहून कमी असली की चौकट दोन फ्रेम्स थांबते, मग एकदम पिक्सेलभर उडी मारते. तोरणाच्या दोरीवर आणि घराच्या सरळ कडेवर हे आधी दिसतं. असं झालं तर थोडा वेग वाढवा, किंवा फोटो दुप्पट मोठा करून घ्या म्हणजे उडी निम्मी होईल.

टिनाच्या छताची लकाकी हा याच्या उलट प्रकार आहे. पत्र्याच्या पन्हाळ्या फोटोत बारीक आणि जवळजवळ असतात. ४८०० पिक्सेल १९२० मध्ये बसवताना त्या नीट मावत नाहीत आणि चौकट हलली की छतावर लाटा धावतात. चौकडीच्या लुगड्यावरही हेच होतं. इथे फोटो मोठा करून उपयोग नाही, उलट त्रास वाढतो. फोटो आधी ३००० पिक्सेल रुंदीचा करा. मग शेवटची चौकट नेमकी १९२० ची उरते, चालून जातं. किंवा फक्त छतावर हलका ब्लर द्या, चेहऱ्याला हात लावू नका.

चौकटी बसल्यावर क्लिपची लांबी बदललीत तर वेगही बदलतो, कारण चौकटी क्लिपच्या दोन टोकांना बांधलेल्या असतात. सहाची चार सेकंदं केली की तीच हालचाल दीडपट वेगाने होते. क्लिप मधेच कापली तर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तुकडे आपापली पूर्ण हालचाल पहिल्यापासून करतात आणि कापलेल्या जागी फोटो मागे उडी घेतो. म्हणून आधी गाण्यावर लांबी पक्की करा, मग चौकटींना हात घाला.