डायरीतली दोन पानं, कॅप्शनच्या चार ओळी

पीएचडीचा व्हायवा झाला, त्या रात्री डायरीत भरभरून लिहिलं होतं. फोटोसोबत त्यातलंच काहीतरी टाकायचं म्हणून पेन्सिल घेऊन बसले.

आधी दुसऱ्यांचं होतं ते काढलं: आईचं आजारपण, नवऱ्याची सुटलेली नोकरी, गाइडशी झालेली खडाजंगी. नुसतं नाव गाळून भागत नाही. ‘घरात एक जण आजारी होतं’ एवढं लिहिलं तरी चौकशीचे फोन सुरू होतात.

मग टोमणा. ‘ज्यांना वाटलं हिला जमणार नाही...’ हे डायरीतलं सगळ्यात जोरकस वाक्य. पण कॅप्शनमध्ये ते वाचणारा प्रत्येक जण ‘हे मला तर नाही ना?’ म्हणून बघतो आणि अभिनंदन बाजूला राहतं. तेही गेलं.

आता उरलं काय, तर ‘खूप कष्टांनंतर स्वप्न पूर्ण!’ हे कुणाच्याही फोटोखाली चालेल. वगळण्यातली खरी अडचण हीच. म्हणून परत डायरीत शिरले आणि फक्त माझा असलेला, कुणाला न दुखावणारा एक बारीक तपशील शोधला. शेवटी हे झालं:

‘व्हायवा झाला. पहिला प्रश्न आला तेव्हा माझी एक चप्पल टेबलाखाली हरवली होती. सगळी उत्तरं तशीच दिली. घरच्यांनो, थँक यू, कशासाठी ते तुम्हाला माहीत आहे.’

शेवटची ओळ आधी आईला आणि नवऱ्याला दाखवली. फोटोत मागच्या फळ्यावर परीक्षकांची नावं दिसत होती, तेवढा भाग क्रॉप केला आणि पोस्ट टाकली.