‘थकलो’ खोडून बघा
रात्रपाळीबद्दल लिहिताना ‘थकलो’ हा शब्द पहिल्या खर्ड्यात येऊ द्या. दुसऱ्यात तो खोडा आणि त्या जागी हातांनी काय केलं ते लिहा. वेळ पहाटे चारची निवडा. तेव्हा शरीराचं तापमान साधारण सगळ्यात खाली असतं, लक्षही निसटतं. ‘सातपूरच्या कारखान्यात उभं राहून जीव नकोसा झाला’ याऐवजी असं:

‘व्हर्नियरवर २४.९८ वाचलं. वहीकडे वळलो, आकडा गेला. पुन्हा मोजलं, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आकडा मोठ्यानं म्हणत वहीपर्यंत गेलो.’

थकवा पुरता कळतो, आणि त्याच्यावर काढलेली युक्तीही. पुढे ‘कुणाला काय त्याचं’ असं वाक्य सुचेल. ते कापा. पाळी सुटल्यावरचा चहासुद्धा. तो सगळेच लिहितात.